दहाव्या अनुसूचीचं पान उघडून पाहा

ऑक्टोबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात ज्या पोरापोरींनी आयुष्यातलं पहिलं मत टाकलं, त्यांच्यासमोर पुढच्या पाच वर्षांत सगळी राज्यघटना प्रात्यक्षिकासकट उलगडली. २४ ऑक्टोबरला निकाल लागला. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. २३ नोव्हेंबरला पहाटे ती उठली आणि लोक चहा घेत होते तोवर राजभवनात शपथविधी आटोपलाही. २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने उद्या संध्याकाळी पाचच्या आत सभागृहात बहुमत सिद्ध करा असं फर्मावलं आणि त्याच दुपारी मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. २८ तारखेला शिवाजी पार्कवर दुसरं सरकार आलं. ते जून २०२२ मध्ये गेलं, तिसरं आलं, आणि जुलै २०२३ मध्ये विरोधी बाकांवरचा आणखी एक पक्ष दुभंगून त्यातला मोठा गट सत्तेत जाऊन बसला. मत एकदाच दिलं होतं.

या मुलांपैकी एखादीने पुस्तकाच्या दुकानात जाऊन 'हे सगळं कसं चालतं ते सोप्या भाषेत सांगणारं काही आहे का' असं विचारलं, तर तिच्या हाती काय पडतं? या लेखासाठी मी तेवढंच पाहिलं. संविधानावरची 'सोपी' पुस्तकं पहिल्यांदा मत देणाऱ्याच्या नजरेने चाळली आणि प्रत्येकाला तेच दोन-तीन प्रश्न विचारले.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात संविधान मागितलं की काउंटरवरचा माणूस आधी उलट विचारतो, "एमपीएससी का एलएलबी?" दोन्ही नाही म्हटलं की तो क्षणभर थांबतो आणि मग बालवाङ्मयाच्या रॅककडे बोट दाखवतो. त्याचा दोष नाही. पुस्तकांची बाजारपेठच तशी विभागली गेली आहे. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं सगळ्यात जाड आणि सगळ्यात खपाची. एम. लक्ष्मीकांत यांचं भारतीय राज्यव्यवस्थेवरचं पुस्तक हा या जातीचा मेरुमणी. ते परीक्षार्थींसाठीच लिहिलेलं आहे आणि त्या कामाला चोख आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांकडे दुर्गादास बसू यांच्यापासून पुढे मोठी परंपरा आहे. लहान मुलांसाठी अलीकडे चांगलं काम झालं आहे. लीला सेठ यांनी, म्हणजे देशातल्या उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्तींनी, फक्त उद्देशिका घेऊन मुलांसाठी एक चित्रमय पुस्तक इंग्रजीत केलं. एका उद्देशिकेवर थांबायचं ठरवलं, हाच त्याचा शहाणपणा. या तिन्हींच्या मधली जागा, अठरा ते पंचवीस वयाच्या, परीक्षा न देणाऱ्या, पण मत देणाऱ्या माणसाची जागा, जवळपास रिकामी आहे.

एक बाजार मात्र वेगळा आहे. ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला दीक्षाभूमीवर जे पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे संविधान कुठल्याही परीक्षेसाठी विकत घेतलं जात नाही. सरकारने छापलेलं 'भारताचे संविधान' तिथे घराघरांत नेलं जातं. तो संहितेचा ग्रंथ आहे, खात्रीचा आहे, आणि कुठल्याही वादात शेवटी तोच उघडावा लागतो. पण नवख्याने तो पहिल्या पानापासून वाचायला घेतला तर पाचव्या-सहाव्या कलमाशी, पाकिस्तानातून स्थलांतरित झालेल्यांच्या नागरिकत्वापाशी, गाडी अडते. मराठी राजभाषेची संहिता आहे, वाक्यं लांब आहेत, 'परंतु' आणि 'तथापि' यांच्या आत 'परंतु' आहेत. शंका आली की त्यात पाहायचं. त्यासाठी आधी शंका यावी लागते, आणि शंका आणून देणं हे सोप्या पुस्तकाचं काम.

सोपी पुस्तकं सुरुवात मात्र एकजात इतिहासाने करतात. घटना समितीची बैठक ९ डिसेंबर १९४६, मसुदा समिती, दोन वर्षं अकरा महिने आणि इतके दिवस. हे दिवस काहींत सतरा छापलेले असतात, काहींत अठरा, आणि दोन्ही बरोबर असू शकतात. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सतरा म्हटले होते आणि संविधान स्वीकारलं गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. मग हस्तलिखित प्रत, नंदलाल बोस यांची चित्रं, जगातली सर्वांत मोठी लिखित राज्यघटना. हे सगळं वाचायला छान आहे. पण मतदाराला ज्या पानाची गरज आहे ते यायला निम्मं पुस्तक संपलेलं असतं, आणि आलं की ते यादी होऊन येतं.

माझा पहिला प्रश्न अगदी प्राथमिक होता. मला मत कधी देता येईल आणि ते कोणी ठरवलं?

कलम ३२६ सांगतं की लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका प्रौढ मताधिकाराने होतील. मूळ घटनेत हे वय एकवीस होतं. १९८८ मध्ये संमत झालेल्या ६१व्या घटनादुरुस्तीने ते अठरा केलं, आणि २८ मार्च १९८९ पासून ते लागू झालं. एवढं बहुतेक पुस्तकांत असतं. पण अठरा पूर्ण कोणत्या तारखेला? घटना स्वतः ती तारीख सांगत नाही. विधिमंडळाने कायद्याने ठरवलेली तारीख, असं म्हणून ती बाजूला होते. ती तारीख १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे आणि वर्षानुवर्षं ती एकच होती, १ जानेवारी. म्हणजे २ जानेवारीला अठरावं वर्ष पूर्ण करणाऱ्या मुलीचं नाव यादीत यायला जवळजवळ वर्ष जायचं. मधे निवडणूक आली तर अठराची झालेली असूनही ती घरी बसायची. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि आता अशा चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सहा नंबरचा फॉर्म सतरा पूर्ण झाल्यावर आधीच भरून ठेवता येतो.

या एका उदाहरणात घटना आणि कायदा यांतला संबंध जितका स्वच्छ दिसतो तितका दहा व्याख्यांनी दिसत नाही. वय बदलायला घटनादुरुस्ती लागली: दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत, आणि हा विषय संसदेतल्या राज्यांच्या प्रतिनिधित्वाला हात घालणारा म्हणून निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही. तारीख बदलायला साधा कायदा पुरला. कुठली गोष्ट हलवायला किती जोर लागतो, हे कळलं की घटना अर्धी कळली. चाळलेल्या पुस्तकांत ६१वी दुरुस्ती जवळपास सगळीकडे होती, चार तारखा क्वचितच, आणि दोन्ही शेजारी ठेवून बोलणारं पुस्तक मला सापडलं नाही.

याच पानावर एक नेहमीची चूकही असते. मतदान हा 'मूलभूत हक्क' आहे असं बिनदिक्कत छापलेलं असतं. मूलभूत हक्क घटनेच्या तिसऱ्या भागात आहेत आणि कलम ३२६ तिथे नाही, ते पंधराव्या भागात, निवडणुकांच्या प्रकरणात आहे. फरक कागदी नाही. तिसऱ्या भागातला हक्क मोडला तर कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. मतदार यादीतून नाव गळलं तर आधी नोंदणी अधिकाऱ्याकडे, मग अपिलात जिल्हाधिकाऱ्याकडे जावं लागतं. मतदानाच्या सकाळी केंद्राबाहेर वाद घालणाऱ्याला ही माहिती आदल्या महिन्यात हवी होती.

दुसरा प्रश्न अवघड होता आणि माझ्या मते पुस्तकाची पारख त्यानेच होते. मी एका पक्षाच्या उमेदवाराला निवडून दिलं, तो गटासकट दुसरीकडे गेला, तरी त्याची आमदारकी कशी टिकली?

उत्तर दहाव्या अनुसूचीत आहे. १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने ती आली, आणि पक्षांतरबंदी कायदा म्हणतात तो हाच. तिचा दुसरा परिच्छेद सांगतो की दोन कारणांनी सदस्य अपात्र ठरतो. एक, त्याने स्वेच्छेने पक्षाचं सदस्यत्व सोडलं. दोन, पक्षाच्या आदेशाविरुद्ध त्याने सभागृहात मत दिलं किंवा तो मतदानाला गैरहजर राहिला, आधी परवानगी घेतली नव्हती आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफही केलं नाही. तिसऱ्या परिच्छेदात एक मोठी पळवाट होती: विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश सदस्य फुटले तर त्याला 'फूट' म्हणायचं आणि कोणी अपात्र व्हायचं नाही. तिचा इतका वापर झाला की २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने हा परिच्छेदच काढून टाकला. (याच दुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर आणली, म्हणून २८८ जणांच्या आपल्या विधानसभेत मुख्यमंत्री धरून ४३ मंत्री होऊ शकतात. फुटीरांना मंत्रिपदाचं आमिष दाखवायला जागा कमी उरावी, हा हेतू.) उरला चौथा परिच्छेद, विलीनीकरणाचा. मूळ राजकीय पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला आणि विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश सदस्यांनी त्याला मान्यता दिली, तर ते अपात्र होत नाहीत.

सोपी पुस्तकं इथे घसरतात. काही अजूनही एक तृतीयांश छापतात. म्हणजे मजकूर २००३ च्या आधीचा, आणि मुखपृष्ठावर 'सुधारित आवृत्ती'. बाकीची बरीच, आणि २०२२ मध्ये टीव्हीवरचे अनेक चर्चकही, लिहितात-सांगतात ते असं: दोन तृतीयांश आमदार फुटले तर पक्षांतरबंदी लागत नाही. हे चूक आहे. दोन तृतीयांश हा फुटण्याचा परवाना नाही, विलीनीकरणाची अट आहे, आणि विलीन व्हायला दुसरा पक्ष लागतो.

ही चूक किती महागात पडते हे पाहायला गोवा आणि महाराष्ट्र शेजारी ठेवावेत. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे पंधरापैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले. दहा म्हणजे पंधराचे बरोबर दोन तृतीयांश, एकही जादा नाही. त्यांनी विलीनीकरण सांगितलं, सभापतींनी मानलं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही ते उचलून धरलं. विधिमंडळ पक्षाने ठरवलं की विलीनीकरण झालं, मूळ पक्षाने दिल्लीत काही ठराव करायची गरज नाही, असा अर्थ तिथे लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नव्या विधानसभेत अकरापैकी आठ काँग्रेस आमदार तसेच गेले. अकराचे दोन तृतीयांश सात पूर्णांक एक तृतीयांश होतात, म्हणून आठ. गोव्यातली मंडळी गणितात कच्ची नाहीत.

महाराष्ट्रात २० जून २०२२ ला विधान परिषदेचं मतदान झालं आणि त्या रात्री एकनाथ शिंदे काही आमदारांसह सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. शिवसेनेचे २०१९ मध्ये छप्पन आमदार निवडून आले होते, एकाच्या निधनाने पंचावन्न उरले होते. पंचावन्नाचे दोन तृतीयांश म्हणजे सदतीस. आठवडाभर वाहिन्यांवर हा सदतीसचा आकडा फिरत होता, जणू तो गाठला की खेळ संपला. तो आकडा गाठला गेला, पण त्याचा उपयोग झाला नाही. शिंदे गट कुठल्याच पक्षात विलीन झाला नाही, कारण त्यांचं म्हणणंच वेगळं होतं: आम्ही पक्ष सोडलेला नाही, आम्हीच शिवसेना आहोत.

म्हणजे प्रश्न चौथ्या परिच्छेदातून निघून दुसऱ्यात आला. आदेश मोडला का, हे ठरवायचं तर आधी आदेश कोणाचा हे ठरवावं लागतं. सभागृहात पक्षाचा आदेश काढणारा माणूस म्हणजे प्रतोद. आता प्रतोद दोन झाले होते. पक्षाचे सुनील प्रभू, आणि शिंदे गटाने ठराव करून नेमलेले भरत गोगावले. प्रत्येकाचा आदेश दुसऱ्याच्या विरुद्ध.

ठरवणार कोण? सहावा परिच्छेद सांगतो, अध्यक्ष. पण फेब्रुवारी २०२१ पासून अध्यक्षपद रिकामं होतं. म्हणून उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी सोळा आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या. तोवर त्या आमदारांनी झिरवाळ यांनाच पदावरून काढण्याची नोटीस दिलेली होती. २०१६ च्या नबाम रेबिया निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की ज्याच्या हकालपट्टीची नोटीस आलेली आहे त्याने अपात्रता ठरवू नये. २७ जूनला न्यायालयाने उत्तराची मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली. २८ला राज्यपालांनी बहुमत चाचणीचं पत्र काढलं, २९ला न्यायालयाने ती रोखायला नकार दिला आणि त्याच रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. ३० जूनला नवे मुख्यमंत्री, ३ जुलैला नवे अध्यक्ष राहुल नार्वेकर, ४ जुलैला १६४ विरुद्ध ९९ असा विश्वासदर्शक ठराव. १२ जुलै उजाडला तेव्हा ज्या सोळांना उत्तर द्यायचं होतं त्यांचा नेता मुख्यमंत्री होता.

यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा ११ मे २०२३ चा निकाल पाच न्यायमूर्तींचा आणि एकमताचा आहे. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ती समर्थनीय नव्हती, कारण सरकारने बहुमत गमावल्याचं दाखवणारं ठोस काही त्यांच्यासमोर नव्हतं. पक्षांतर्गत भांडण मिटवायला बहुमत चाचणी वापरता येत नाही. प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नव्हे, म्हणून गोगावले यांना दिलेली मान्यता बेकायदा. पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, त्यामुळे जुनं सरकार परत आणता येणार नाही. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी वाजवी मुदतीत घ्यावा. आणि नबाम रेबियाचा प्रश्न मोठ्या पीठाकडे.

निर्णय १० जानेवारी २०२४ ला आला. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२३ मध्ये, निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलेले होते. अध्यक्षांनीही शिंदे गट हीच शिवसेना ठरवली, गोगावलेंची नेमणूक वैध ठरवली आणि दोन्हीकडच्या एकाही आमदाराला अपात्र केलं नाही. त्याविरुद्ध दाद मागितली गेली, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या विधानसभेची मुदतच संपत आली आणि नवी निवडणूक झाली.

यातला कोण बरोबर हे सांगणं सोप्या पुस्तकाचं काम नाही, माझंही इथे नाही. पुस्तकाने एवढं सांगितलं पाहिजे: अपात्रता ठरवतो अध्यक्ष, जो बहुधा सत्ताधारी बाजूने निवडून आलेला असतो. दहाव्या अनुसूचीत त्याला मुदत घातलेली नाही. जानेवारी २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साधारण तीन महिने म्हटलं, पण तो घटनेचा शब्द नाही. न्यायालयाला अध्यक्षांचा निर्णय तपासता येतो, कारण १९९२ च्या किहोतो होलोहान निकालाने न्यायालयांना बाहेर ठेवणारा सातवा परिच्छेद रद्द केला. तो रद्द का झाला, तर न्यायालयाच्या अधिकाराला हात घालायचा तर निम्म्या राज्यांची संमती लागते आणि ती घेतलीच नव्हती. पण तपासणी साधारणपणे निर्णयानंतर, आणि निर्णय पाच वर्षांच्या आत व्हायला हवा. कायद्याचा सगळा खेळ कॅलेंडरवर आहे. ठरवणारा कोण, त्याला मुदत किती, त्याच्यावर दाद कुठे, या तीन गोष्टी ज्या पानावर नाहीत, ते पान अनुसूचीची ओळख करून देतं, पण कारभार सांगत नाही.

कारभार सांगणारं पुस्तक लिहिता येतं, याचा पुरावाही आहे आणि त्याचा धागा पुण्यापर्यंत येतो. एनसीईआरटीने २००६ च्या सुमारास अकरावीसाठी संविधानावर जे पुस्तक काढलं, त्याचं नावच 'कामावर असलेलं भारतीय संविधान' अशा अर्थाचं आहे. राज्यशास्त्राच्या या पुस्तकांचे मुख्य सल्लागार योगेंद्र यादव आणि पुण्याचे सुहास पळशीकर होते. त्यातलं निवडणुकीचं प्रकरण मी पुन्हा वाचलं. 'आपल्याकडे सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो' ही व्याख्या देऊन ते थांबत नाही. १९८४ चा लोकसभा निकाल समोर ठेवतं: काँग्रेसला अठ्ठेचाळीस टक्के मतं आणि ४१५ जागा, म्हणजे निम्म्याहून कमी मतांवर तीन चतुर्थांशांहून जास्त सभागृह. मग इस्रायलची प्रमाणशीर पद्धत दाखवून विचारतं की भारताने आपली रीत का स्वीकारली. अठरा वर्षांच्या मुलाला इथे पहिल्यांदा कळतं की मतमोजणीची रीत ही निसर्गाने दिलेली नाही, कोणीतरी ठरवलेली आहे आणि त्यामागे कारण आहे.

याच पुस्तकातल्या एका व्यंगचित्राने मे २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला. शंकर यांचं ते १९४९ सालचं चित्र, घटना तयार व्हायला लागणाऱ्या वेळावरचं: गोगलगायीवर बसलेले आंबेडकर, मागे चाबूक उगारलेले नेहरू. आंबेडकरांचा अपमान झाल्याची तक्रार होती. सरकारने चित्र काढायचं जाहीर केलं, दोन्ही सल्लागारांनी राजीनामे दिले आणि दुसऱ्या दिवशी पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. ज्यांना चित्र खुपलं त्यांचं खुपणं खोटं नव्हतं. चाबूक आणि तो कोणाच्या पाठीमागे, हे महाराष्ट्रात नुसतं चित्र म्हणून पाहता येत नाही. पण त्या प्रकरणानंतर प्रश्न विचारणारं पाठ्यपुस्तक लिहायला कोण धजेल, हा सवाल उरला, आणि बाजारातली पुढची पुस्तकं पाहता त्याचं उत्तर फार उत्साहवर्धक नाही.

आपल्या बालभारतीने संविधानाला जागा दिली आहे, हे नोंदवायला हवं. सातवीच्या नागरिकशास्त्रात उद्देशिका आणि मूलभूत हक्क, आठवीत संसद, न्यायव्यवस्था आणि राज्यशासन, दहावीत निवडणूक प्रक्रिया. भाषा सरळ आहे, माहिती नीट आहे. अडचण वयाची. तेराव्या वर्षी वाचलेलं राज्यपालांचं पान अठराव्या वर्षी आठवत नाही, आणि मधल्या काळात ज्याने विज्ञान किंवा आयटीआय घेतलं त्याच्यासमोर ते पुन्हा येतच नाही.

तिसरा प्रश्न थोडक्यात. माझा नगरसेवक कोण?

१९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने महापालिकेची मुदत पाच वर्षं ठरवली, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्याच्या आत निवडणूक पूर्ण व्हावी असंही लिहिलं. हे जवळपास सगळ्या पुस्तकांत जसंच्या तसं आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. पुण्यातही तेच. इतर मागासवर्गाचं राजकीय आरक्षण, प्रभागांची संख्या आणि रचना यांवरून खटले चालत राहिले, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका चार महिन्यांत उरका असं सांगावं लागलं. २०२२ मध्ये अठराची झालेल्या मुंबईतल्या मुलीने त्या काळात पुस्तकातलं ते वाक्य वाचून खिडकीबाहेर पाहिलं असतं तर तिला पुस्तक खोटं वाटलं असतं. पुस्तक खोटं नाही, अपुरं आहे. 'व्हावी' लिहिलेलं असूनही झाली नाही तर कोण कोणाकडे जातं, आणि या निवडणुका दिल्लीचा भारत निवडणूक आयोग घेत नाही, राज्य निवडणूक आयोग घेतो, हे दोन परिच्छेद त्यात जोडायला हवे होते. नाव गळल्याची तक्रार चुकीच्या आयोगाकडे पाठवणारे लोक दर निवडणुकीत असतात.

प्रकाशकांची बाजूही खरी आहे. चालू घडामोडी घातल्या की पुस्तक दोन वर्षांत जुनं होतं, राजकीय पक्षांची नावं आली की ग्रंथालय खरेदीत अडचण येते, आणि खटला चालू असेल तर लेखक हात आखडता घेतो. म्हणून सगळे कलमांच्या यादीत आसरा घेतात, कारण यादीवर कोणी भांडत नाही. पण यादीही जुनी होतेच. लोकसभेत अँग्लो-इंडियन समाजाचे दोन सदस्य नेमले जातात असं सांगणारी पुस्तकं अजून विक्रीला आहेत. ती तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपली.

तेव्हा या दिवाळीत घरातल्या नव्या मतदाराला संविधानावरचं पुस्तक द्यायचं असेल, तर मुखपृष्ठावरचा 'सोप्या भाषेत' हा शिक्का पाहू नका. आधी छपाईचं साल पाहा, फक्त आवृत्तीचं नव्हे, मजकूर केव्हा सुधारला त्याचं. मग दुकानात उभ्याउभ्या दोन पानं उघडा. कलम ३२६ कुठे आहे ते शोधा. ते मूलभूत हक्कांच्या प्रकरणात घातलेलं असेल तर लेखकाने संहिता उघडलेली नाही. नंतर दहाव्या अनुसूचीचं पान काढा. एक तृतीयांश लिहिलं असेल तर पुस्तक वीस वर्षं जुनं आहे. दोन तृतीयांश लिहून 'फूट' म्हटलं असेल तर लेखकाला कायदा कळलेला नाही. विलीनीकरण म्हटलं असेल आणि अध्यक्षांना मुदत नाही हेही सांगितलं असेल, तर किंमत पाहू नका, घ्या. आणि जोडीला सरकारी 'भारताचे संविधान' घ्या, ते स्वस्त आहे आणि त्याची संहिता केंद्राच्या विधायी विभागाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते.